पुढची गाडी हलली, आपली का नाही?

नव्या गाडीचे मालक एक तक्रार हमखास करतात. क्रूझ लावलेला असतो, पुढची गाडी थांबते तशी आपलीही नीट थांबते. पुढची निघते, आपली मात्र जागेवरच राहते. मागून हॉर्न सुरू होतात. दहा मिनिटांपूर्वी हीच गाडी अशाच थांब्यानंतर आपली आपण निघाली होती. मग शंका येते की सेन्सर बिघडला की काय. सर्व्हिस सेंटरवाले संगणक लावून बघतात आणि ‘काही दोष नाही’ म्हणून गाडी परत देतात.

बहुतेक वेळा खरोखरच दोष नसतो. गाडी किती वेळ थांबली होती, यावर ती स्वतः निघणार की तुमच्या परवानगीची वाट बघणार हे ठरते. ही मर्यादा प्रत्येक गाडीत वेगळी असते. विक्रीच्या वेळी ती कोणी सांगत नाही आणि मालकाच्या पुस्तिकेत ती एखाद्या ओळीत दडलेली असते. ती कशी शोधायची, कोंडीत ती लक्षात ठेवून गाडी कशी चालवायची आणि कुठे या प्रणालीवर विसंबायचे नाही, ते क्रमाने पाहू.

आधी तपासा: तुमच्या गाडीत नेमके काय आहे?

शोरूममध्ये ‘अ‍ॅडास आहे’ एवढेच सांगतात. त्या एका शब्दाखाली वेगवेगळ्या सोयी येतात आणि कोंडीत त्या अगदी वेगळ्या वागतात. तुमच्या गाडीत यांपैकी काय आहे ते आधी पक्के करा.

- साधा अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ: पुढच्या गाडीशी अंतर राखतो, पण वेग ठरावीक आकड्याखाली गेला की आवाज देऊन बंद पडतो. मॅन्युअल गिअरच्या गाड्यांत साधारण हाच प्रकार असतो, कारण थांबताना क्लच तुम्हालाच दाबायचा असतो.
- फक्त थांबवणारा क्रूझ: गाडी शून्यावर आणतो, पण धरून ठेवत नाही. जेमतेम दोन-तीन सेकंदांनी आवाज देऊन ब्रेक सोडतो आणि ऑटोमॅटिक गाडी हळूच पुढे सरकू लागते. हाताने ओढायचा हँडब्रेक असलेल्या गाडीत ही शक्यता जास्त, त्यामुळे तिथे हे आवर्जून तपासा.
- स्टॉप-अँड-गो क्रूझ: गाडी थांबवतो, धरून ठेवतो आणि ठरावीक वेळेत पुढची गाडी हलली तर स्वतः निघतो. यासाठी ऑटोमॅटिक गिअर लागतो आणि बहुधा बटणाचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकही.
- ट्रॅफिक जॅम असिस्ट: स्टॉप-अँड-गो क्रूझ आणि त्याच्या जोडीला कमी वेगात लेनच्या मध्यभागी राहण्यासाठी स्टिअरिंगची मदत. हात स्टिअरिंगवरच ठेवायचे असतात. काढलेत तर काही सेकंदांत सूचना येते.

आणखी दोन सोयींमुळे गोंधळ वाढतो. ऑटो होल्ड म्हणजे तुम्ही पायाने ब्रेक दाबून गाडी थांबवलीत की ती धरून ठेवणारी सोय. पुढची गाडी निघाली तरी तिला त्याचे सोयरसुतक नसते, अ‍ॅक्सिलरेटर दाबेपर्यंत ती गाडी सोडत नाही. पुढची गाडी निघाल्याची सूचना ही तर फक्त सूचना असते. ती ‘टिंग’ वाजवते, गाडी हलवत नाही. ती ‘टिंग’ ऐकून गाडी आपोआप निघेल अशी वाट बघत बसणारे बरेच जण आहेत.

थांब्याचे तीन टप्पे

खऱ्या स्टॉप-अँड-गो प्रणालीत गाडी थांबली त्या क्षणापासून एक घड्याळ सुरू होते. त्या घड्याळाचे तीन टप्पे समजले की बहुतेक गोंधळ मिटतो.

पहिला टप्पा, आपोआप निघण्याचा. अनेक कंपन्यांच्या गाड्यांत हा जेमतेम 3 सेकंदांचा असतो. तेवढ्यात पुढची गाडी हलली तर तुमचीही हलते, तुम्हाला काही करावे लागत नाही.

दुसरा टप्पा, परवानगीचा. तो वेळ उलटला की गाडी ब्रेक धरून उभी राहते आणि क्रूझ तात्पुरता थांबलेला असतो. पुढची गाडी निघाली की समोरच्या पडद्यावर बटण किंवा पेडल वापरण्याची सूचना येते. रिझ्यूमचे बटण दाबलेत किंवा अ‍ॅक्सिलरेटर हलकेच टेकवलात की पुन्हा पाठलाग सुरू.

तिसरा टप्पा, काम संपल्याचा. काही मिनिटे गाडी उभीच राहिली तर प्रणाली पार्किंग ब्रेक लावून स्वतः बंद होते. याला कारण आहे. तोवर गाडी धरलेली असते ती ब्रेकच्या तेलाचा दाब कोंडून. त्यासाठी झडपांना सतत वीज द्यावी लागते आणि त्या तापतात. पार्किंग ब्रेक एकदा लागला की त्याला वीज लागत नाही, म्हणून लांबच्या थांब्याचे काम त्याच्याकडे जाते. इथून पुढे क्रूझ नव्याने सुरू करावा लागतो.

गाडीगणिक फरक किती, याची काही उदाहरणे पाहा. व्होल्व्होच्या पुस्तिकांत आपोआप निघण्याची मर्यादा सुमारे 3 सेकंद दिलेली असते. होंडाच्या कमी वेगात पाठलाग करणाऱ्या क्रूझमध्ये अनेक मॉडेलांत पहिला टप्पाच नसतो. गाडी एकदा थांबली की प्रत्येक वेळी बटण किंवा पेडल लागते, मात्र ती 10 मिनिटांपर्यंत धरून ठेवते. मर्सिडीजने आधी 3 सेकंदांची मर्यादा ठेवली होती. पुढच्या पिढीत योग्य रस्त्यावर, म्हणजे मोटरवेसारख्या रस्त्यावर, ती 30 सेकंदांपर्यंत नेली. बीएमडब्ल्यूच्या नव्या गाड्यांतही अशी 30 सेकंदांची सोय आली. म्हणजे एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या गाडीत दहापट फरक असू शकतो. शेजाऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचा अंदाज बांधू नका.

तीनच सेकंद का?

गाडी थांबली की तिच्या नाकासमोरचा भाग तिला नीट दिसत नाही. कॅमेरा आरशाच्या मागे, काचेला वर लावलेला असतो. बॉनेटच्या लगेच पुढची जमीन त्याच्या नजरेच्या खाली राहते. रडार बंपरमध्ये किंवा लोगोमागे असते. त्याची नजर लांबवर चांगली, पण अगदी जवळच्या, बंपरच्या कोपऱ्यापाशी असलेल्या छोट्या वस्तूसाठी भरवशाची नाही.

दोन-तीन सेकंदांत या आंधळ्या पट्ट्यात फारसे काही बदलत नाही, आणि इतक्या कमी वेळात चालकाचे लक्षही रस्त्यावरच असणार असे गृहीत धरता येते. वीस सेकंदांत मात्र एखादी आजी दोन गाड्यांच्या फटीतून रस्ता ओलांडू लागते, शेंगदाणे विकणारा मुलगा बॉनेटपाशी येतो, स्कूटर तिरकी घुसून थांबते. आणि तोवर तुमचे डोळे मोबाईलकडे वळलेले असतात. म्हणून गाडी तुमच्याकडून एक खूण मागते. बटण दाबणे म्हणजे ‘मी समोर बघितले, मोकळे आहे’ असे गाडीला सांगणे. न बघता बटण दाबलेत तर मर्यादा ठेवण्यामागचा सगळा हेतूच वाया जातो.

30 सेकंदांची मुभा म्हणूनच सरसकट मिळत नाही. ती बहुधा पादचारी नसलेल्या मोटरवेपुरती असते, किंवा चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणारा कॅमेरा, जवळचे बघणारे जादा सेन्सर अशा गोष्टींच्या आधाराने दिलेली असते. त्याच गाडीत शहराच्या रस्त्यावर मर्यादा पुन्हा कमी होऊ शकते. ‘काल हायवेवर निघाली, आज लक्ष्मी रोडवर निघाली नाही’ या तक्रारीचे उत्तर इथे असू शकते.

आपल्या गाडीचा आकडा कसा शोधाल?

1. पुस्तिकेत शोधा. सूचीत क्रूझ कंट्रोलचे प्रकरण काढा आणि ‘गाडी थांबल्यावर’ किंवा ‘पुढची गाडी निघाल्यावर’ अशा मथळ्याखालचा भाग वाचा. कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर पुस्तिकेची पीडीएफ असेल तर ‘सेकंद’ आणि ‘मिनिट’ यांचे इंग्रजी शब्द टाकून शोधा. पुस्तिका तुमच्याच व्हेरियंटची आणि वर्षाची आहे ना, ते बघा.
2. आकडा नसेल तर लेखी विचारा. काही पुस्तिकांत ‘ठरावीक वेळानंतर’ एवढेच छापलेले असते. अशा वेळी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करून तीन गोष्टी विचारा: आपोआप निघण्याची मर्यादा किती सेकंद, धरून ठेवण्याची मर्यादा किती मिनिटे, आणि त्यानंतर पार्किंग ब्रेक लागतो की नुसता ब्रेक सुटतो.
3. मग रस्त्यावर मोजा. दुचाकी-रिक्षांची गर्दी नसलेल्या संथ कोंडीत, शेजारी बसलेल्या माणसाकडे घड्याळ द्या. चाके थांबल्यापासून पुढची गाडी हलेपर्यंतचा वेळ त्याने मोजायचा. तुम्ही उजवा पाय ब्रेकच्या वर, न टेकवता, तयार ठेवा. पाच-सहा थांब्यांत मर्यादा स्पष्ट होते.

मोजताना एक काळजी घ्या. थांबलेल्या अवस्थेत ब्रेकचा पेडल दाबला गेला तर बहुतेक गाड्यांत क्रूझ रद्द होतो. मग गाडी न निघण्याचे कारण वेळ नसून तुमचा पाय असतो, आणि मोजणी चुकते.

एक उदाहरण: जोडून सुट्ट्या आणि बोरघाट

समजा, तुमच्या गाडीची मर्यादा आपोआप निघण्यासाठी 3 सेकंद आणि धरून ठेवण्यासाठी 3 मिनिटे आहे. शनिवारची सकाळ आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोली मागे टाकून तुम्ही चढाला लागला आहात आणि पुढे लांबच लांब रांग दिसते आहे. या मार्गावर दुचाकी आणि तीनचाकींना बंदी असल्याने प्रणालीसाठी ही जागा शहरापेक्षा बरी.

सपाटीला तुम्ही क्रूझ 90 वर लावला होता. पहिले काम, तो वेग खाली आणा. कोंडीत तुम्ही ताशी 10 ने सरकत असलात तरी गाडीच्या डोक्यात 90 च असतो. पुढची गाडी लेन बदलून बाजूला गेली आणि समोर चाळीस मीटर मोकळे दिसले की गाडी 90 गाठायला झेपावते. अनेक गाड्यांत क्रूझचा किमान वेग 30 असतो. कोंडीत 30 किंवा 40 पुरे.

पहिला थांबा: पुढची गाडी दोन सेकंदांत हलली. तुमचीही हलली. तुम्ही फक्त बघत होतात.

दुसरा थांबा: वर कुठेतरी अवजड ट्रेलर वळण घेतो आहे. रांग वीस सेकंद उभी. पुढची गाडी निघते, पडद्यावर सूचना येते. तुम्ही बॉनेटच्या दोन्ही कोपऱ्यांकडे नजर टाकता, पाण्याच्या बाटल्या विकणारा कोणी मध्ये नाही हे बघता आणि रिझ्यूम दाबता. गाडी चढावर मागे न घसरता निघते.

तिसरा थांबा: पुढे गाडी बंद पडली आहे. पहिले मिनिट, दुसरे मिनिट. तिसरे मिनिट संपताना आवाज येतो, पार्किंग ब्रेकचा लाल दिवा लागतो आणि क्रूझचे चिन्ह विझते. आता ही प्रणाली तुमच्यासाठी काही करत नाही. ब्रेकवर पाय ठेवा, गिअर ‘डी’मध्ये आहे ना ते बघा, रांग हलली की पार्किंग ब्रेक सोडून स्वतः निघा आणि गाडी सरकू लागल्यावर क्रूझ पुन्हा लावा. अनेक गाड्यांत उभ्या असतानाही क्रूझ लावता येतो, पण त्यासाठी समोरची गाडी प्रणालीला दिसत असावी लागते.

चौथा प्रसंग थांब्याचा नाही. तीव्र वळणावर पुढची गाडी कॅमेऱ्याच्या कक्षेतून सुटते. पडद्यावरचे गाडीचे चित्र नाहीसे होते आणि इंजिनचा आवाज वाढतो. चित्र गेले की पाय ब्रेकवर, हा नियम अंगवळणी पाडा. घाटाच्या वळणांवर रांग मोकळी होऊ लागली की क्रूझ बंदच केलेला बरा.

आता हाच हिशेब पुण्याच्या किंवा ठाण्याच्या सिग्नलला लावून पाहा. तिथे लाल दिवा मिनिट-दीड मिनिट सहज असतो. 3 सेकंदांची मर्यादा असो की 30 ची, सिग्नलला बटण दाबावेच लागणार. 30 सेकंदांचा फायदा दिसतो तो सिग्नल नसलेल्या, सरकत्या कोंडीत. तुमचा रोजचा रस्ता सिग्नलांचा असेल तर या आकड्यासाठी वरच्या व्हेरियंटचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. रोज द्रुतगती मार्ग किंवा सिग्नल नसलेले लांब उड्डाणपूल असतील तर आहे.

परवानगी द्यायची कशी: बटणाने की पेडलने?

दोन्ही चालतात, पण परिणाम सारखा नाही.

- बटण दाबलेत तर वेग आणि अंतराचा ताबा लगेच प्रणालीकडे जातो. पुढची गाडी पुन्हा थांबली तर तीच ब्रेक लावते. ‘आरईएस’ अक्षरे किंवा अधिकचे चिन्ह असलेले हे बटण स्टिअरिंगवर न बघता अंगठ्याला सापडले पाहिजे.
- पेडल टेकवलात तर पाय पेडलवर असेपर्यंत ताबा तुमचा असतो. तेवढा वेळ क्रूझ ब्रेक लावत नाही. म्हणून टेकवा आणि लगेच सोडा. पाय तसाच विसावला तर पुढची गाडी थांबल्यावर ‘क्रूझ होता तरी गाडी थांबली नाही’ अशी वेळ येते.

आणखी एक सवय जपून बदला. गाडी थांबली की आपला पाय आपसूक ब्रेकवर जातो. क्रूझने धरलेल्या गाडीत ब्रेक दाबून मग सोडलात तर क्रूझ रद्द झालेला असू शकतो. त्या वेळी ऑटो होल्ड चालू नसेल तर ऑटोमॅटिक गाडी सरळ पुढे सरकते. पडद्यावर क्रूझचे चिन्ह अजून आहे की नाही हे पाहिल्याशिवाय ब्रेकवरचा पाय काढू नका.

कुठे फसगत होते?

आधीच उभी असलेली गाडी. तुमच्या डोळ्यांदेखत थांबलेली गाडी प्रणाली चांगली ओळखते. पण वेगात जाताना अचानक समोर आलेली, आधीपासून उभी असलेली गाडी ओळखण्यात ती चुकू शकते. रडारच्या दृष्टीने रस्त्याकडेचा फलक, पुलाचा खांब आणि उभा टेम्पो हे सगळे ‘न हलणारे’ असते. त्या सगळ्यांना घाबरून ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही, म्हणून वेगात असताना अशा न हलणाऱ्या वस्तूंकडे बऱ्याच अंशी दुर्लक्ष होते. सर्वांत धोक्याचा क्षण म्हणजे पुढची गाडी शेवटच्या क्षणी बाजूला सरते आणि समोर बंद पडलेला ट्रक असतो. कोंडीचे शेपूट दिसले की पहिला ब्रेक तुम्हीच लावा. नंतर क्रूझ जोडा.

लाल दिवा. आपल्याकडे मिळणारे क्रूझ पुढच्या गाडीकडे बघतात, सिग्नलकडे नाही. पुढच्याने पिवळ्यावर घाई केली आणि तुमचा थांबा तीन सेकंदांच्या आतला असला तर तुमची गाडी त्याच्या मागोमाग लाल दिव्यात शिरेल. दंडाची पावती मात्र तुमच्या नावाने येईल.

दुचाकी आणि फटी. सर्वांत जवळचे अंतर निवडले तरी पुढे एक रिक्षा मावेल एवढी जागा राहते आणि ती भरतेच. तिरकी घुसलेली स्कूटर प्रणालीला उशिरा दिसते. जिथे दर मिनिटाला कोणीतरी घुसते आहे, तिथे ही सोय आरामाऐवजी धक्के देते. बंद करा.

स्टिअरिंगची मदत. गर्दीत लेनचे पट्टे दिसेनासे होतात. तेव्हा काही प्रणाली पुढच्या गाडीच्या मागावरून दिशा ठरवतात. पुढच्याने खड्डा चुकवायला डावीकडे मारली तर तुमची गाडीही तिकडे ओढ घेऊ शकते, आणि डावीकडे दुचाकी असेल. हात नुसते टेकवून ठेवू नका, पकडा.

दार आणि पट्टा. धरलेल्या गाडीत सीटबेल्ट काढला किंवा चालकाचे दार उघडले की बहुतेक गाड्या क्रूझ रद्द करून पार्किंग ब्रेक लावतात. पण ‘बहुतेक’ म्हणजे सगळ्या नव्हेत. टोलनाक्यावर किंवा कोंडीत खाली उतरायचे असेल तर आधी गिअर ‘पी’मध्ये घाला.

मर्यादा पाळूनही गाडी वेगळी वागली तर

पहिल्या टप्प्याच्या आतही गाडी निघत नसेल, पुढची गाडी पडद्यावर येत-जात असेल किंवा क्रूझ मध्येच ‘उपलब्ध नाही’ म्हणत असेल, तर या क्रमाने बघा.

1. काचेचा कॅमेऱ्यासमोरचा भाग आणि रडारवरचे आवरण ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात ट्रकने उडवलेल्या चिखलाचा पातळ थरही पुरतो.
2. पुढच्या बाजूला बाहेरून काही बसवले आहे का? बंपर गार्ड, जादा दिवे, नंबरप्लेटची जाड चौकट, रडारवरून ओढलेली फिल्म. काढून पाहा.
3. अलीकडे काच बदलली, बंपर रंगवला किंवा काढून बसवला का? तसे असेल तर कॅलिब्रेशन झाले होते का, ते जॉबकार्डवर शोधा.
4. तरीही तसेच असेल तर तारीख, ठिकाण, थांब्याचे सेकंद आणि पडद्यावरची सूचना लिहून, जमल्यास डॅशकॅमच्या चित्रीकरणासह सर्व्हिस सेंटरला द्या. ‘कधीकधी होते’ या तक्रारीवर कोणी काम करत नाही.

काच किंवा बंपरचा विमा दावा करताना अंदाजपत्रकात कॅलिब्रेशनची वेगळी ओळ आहे ना ते सही करण्याआधी बघा. ती नसेल तर विमा कंपनीकडून ते पैसे नंतर मिळवणे अवघड जाते आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये काम झाले तर कॅलिब्रेशन राहूनच जाते.

गाडी घेण्याआधी विचारा

- या व्हेरियंटमध्ये क्रूझ शून्यापर्यंत थांबवतो का, आणि धरून ठेवतो का?
- आपोआप निघण्याची मर्यादा किती सेकंद? शहरात आणि हायवेवर वेगळी आहे का?
- धरून ठेवण्याची मर्यादा संपल्यावर पार्किंग ब्रेक लागतो की गाडी सुटते?
- मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक व्हेरियंटमध्ये काय फरक आहे?
- काच बदलल्यास कॅलिब्रेशनचा खर्च किती, आणि ते कोणत्या शहरात होते?

उत्तरे ईमेलवर किंवा कोटेशनवर लिहून घ्या. टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर नव्हे, संध्याकाळच्या कोंडीत मागा.

जबाबदारी कोणाची, हक्क कोणते?

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अशा गाड्यांतील सोय फार तर दुसऱ्या पातळीची, म्हणजे मदतनिसाची आहे. मोटार वाहन कायद्यापुढे चालक तुम्हीच. ‘क्रूझ चालू होता’ हा अपघातात बचाव ठरत नाही. कोंडीत क्रूझ लावून हातात मोबाईल धरलात तर 2019 च्या दुरुस्तीनंतर तो कलम 184 खाली धोकादायक चालवण्याचाच प्रकार आहे. जर्मनीत 2022 पासून मर्सिडीजच्या काही गाड्यांना ताशी 60 पर्यंतच्या कोंडीत चालकाने नजर काढली तरी चालेल अशी परवानगी मिळाली. त्या गाड्यांचे व्हिडिओ बघून इथल्या गाडीकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

दुसऱ्या बाजूला, ग्राहक संरक्षण कायदा 2019 तुमच्या बाजूने आहे. वस्तूचा दर्जा आणि गुण याविषयी माहिती मिळणे हा तुमचा हक्क आहे. नसलेली सोय आहे म्हणून विकली तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. कलम 84 नुसार, हानी टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे दिले नसतील तर उत्पादकावर उत्पादन-दायित्व येऊ शकते. मात्र तुम्ही वस्तूत बदल केला असेल किंवा तिचा गैरवापर केला असेल तर विक्रेत्याला कलम 87 चा आडोसा मिळतो. रडारसमोर बसवलेला गार्ड तिथे तुमच्याच विरोधात जाईल.

तक्रारीचा क्रम असा ठेवा: आधी डीलरला लेखी, मग कंपनीच्या ग्राहक सेवेला, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तरीही निपटारा झाला नाही तर ग्राहक आयोग. मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. कोटेशन, जाहिरात, ईमेल, जॉबकार्ड आणि तुम्ही मोजलेल्या थांब्यांची नोंद जोडा.

बिघाड कोणता आणि मर्यादा कोणती, हे आधी वेगळे करा. पुस्तिकेतल्या तीन सेकंदांनंतर गाडी निघाली नाही, तर तक्रारीला जागा नाही. पुस्तिकेत लिहिलेल्या वेळेच्या आत ती वारंवार निघाली नाही, किंवा डीलरने ईमेलवर 30 सेकंद लिहून दिले आणि गाडीत 3 च निघाले, तर आहे.